सावली पायाखाली गेली की मधमाशी काय करते?

(खानापूर तालुक्यातील एका वाचनालयाच्या वसंत व्याख्यानमालेत एका निवृत्त विज्ञानशिक्षकाने दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी.

आज दुपारी साडेबाराला मी परसात पाण्याची बाटली उभी करून तिच्याकडे बघत बसलो होतो. शेजारच्या काकूंनी कुंपणावरून विचारलं, "सर, उन्हात पाणी तापवायलाय काय?" मी म्हटलं, "नाही हो, सावली हुडकतोय." बाटलीला सावलीच नव्हती. म्हणजे होती, पण बुडाखाली गेली होती. आपल्या बेळगाव-खानापूर भागात सूर्य वर्षातून दोनदा नेमका डोक्यावर येतो. एकदा मे महिन्याच्या तीन-चार तारखेच्या आसपास आणि दुसऱ्यांदा ऑगस्टच्या आठ-नऊच्या आसपास. ऑगस्टातला योग आपल्या नशिबी सहसा नसतो, कारण त्या दिवसांत जांबोटी-कणकुंबीकडं सूर्य दिसला तर लोक बाहेर येऊन बघतात. आणि बाराऐवजी साडेबारा का, तर आपलं घड्याळ चालतं अलाहाबादजवळच्या रेखांशावर. आपण त्याच्या आठ अंश पश्चिमेला आहोत, म्हणून आपली खरी दुपार अर्धा तास उशिरा होते.

ही बाटली मी हौसेनं ठेवली नव्हती. परसात माझी सातेरी मधमाश्यांची पेटी आहे. बाटलीची सावली गेली की त्या पेटीतल्या माश्यांची वाट सांगायची पद्धत काही मिनिटं बिघडते. ती का बिघडते हे कळलं, तर मधमाशीचा नाच म्हणजे काय हे कळतं. म्हणून आज मी मध, औषधी गुण, परागीभवन यातलं काहीच सांगणार नाही. फक्त नाच.

आधी दिसतं काय ते सांगतो. नोकरीत असताना मी दोन चौकटींची, दोन्ही बाजूंना काच असलेली एक पेटी सुताराकडून करून घेतली होती. आमच्या गावात एक मामा होते, आयुष्यभर रानातली मोहोळं काढलेले. त्यांना ती पेटी दाखवली. त्यांनी बराच वेळ काचेला नाक लावून बघितलं आणि म्हणाले, "ह्या माशीला कायतरी झालंय बगा सर. थंडी वाजल्यागत करतीया." चाळीस वर्षं मध काढलेल्या माणसानं हे कधी बघितलं नव्हतं, कारण मोहोळ काढताना धूर असतो, घाई असते आणि सातेरीचं पोळं झाडाच्या ढोलीत अंधारात असतं. नाच बघायला काच लागते आणि बसून राहावं लागतं.

त्या "थंडी वाजल्यागत" करणाऱ्या माशीचं नीट बघितलं तर असं दिसतं. बाहेरून आलेली कामकरी माशी उभ्या पोळ्यावर एका सरळ रेषेत थोडं चालते. चालताना पोट डावी-उजवीकडे झटकते, सेकंदाला तेरा-चौदा वेळा. रेषा संपली की झटकणं थांबवून उजवीकडून अर्धं वर्तुळ घेत मूळ जागी येते. पुन्हा तीच रेषा, पुन्हा थरथर, आता डावीकडून परत. पुस्तकात लिहिलेलं असतं, "आठच्या आकड्याप्रमाणे". माझ्या वर्गातली मुलं वहीत आपला देवनागरी आठ काढायची आणि मला म्हणायची, "सर, ही माशी परत कुठून येते?" तर तो इंग्रजी आठ, मधोमध दाबलेला. आणि महत्त्वाचं सगळं त्या दाबलेल्या मधल्या रेषेत आहे. दोन्ही बाजूंची वर्तुळं म्हणजे फक्त परत यायची वाट.

तिच्या मागं चार-पाच माश्या असतात. अंधारात त्यांना दिसत काहीच नाही. मिश्या तिच्या अंगाला लावून, तिच्या पंखांच्या कंपनानं हलणारी हवा ओळखून त्या मागं मागं फिरतात. दोन-चार फेऱ्यांत एखादी वळते, दाराशी जाते आणि उडते.

याचा अर्थ लावला कार्ल फॉन फ्रिश या ऑस्ट्रियन माणसानं. १९७३ साली त्यांना यासाठी नोबेल मिळालं. पण मला त्यांच्या नोबेलपेक्षा त्यांची चूक जास्त आवडते. १९२० च्या दशकात त्यांनी दोन प्रकारचे नाच बघितले, एक नुसता गोल आणि एक थरथरीचा. साखरपाण्याच्या ताटलीवरून आलेल्या माश्या गोल नाचत होत्या, परागाच्या गोळ्या घेऊन आलेल्या थरथरत होत्या. त्यांनी निष्कर्ष काढला की गोल नाच म्हणजे मकरंद, थरथरीचा म्हणजे पराग. वीस वर्षं सगळे हेच मानत होते. खरी गोष्ट अशी होती की साखरपाण्याची ताटली त्यांनी सोयीसाठी पेटीच्या जवळ ठेवली होती आणि पराग माश्या लांबच्या झाडांवरून आणत होत्या. फरक मालाचा नव्हता, अंतराचा होता. १९४४ साली ताटली लांब नेऊन ठेवल्यावर साखरपाण्याच्या माश्याही थरथरू लागल्या. मग त्यांनी स्वतःच आपलं जुनं म्हणणं मागं घेतलं.

आता नियम. पेटीत अंधार आहे आणि पोळं उभं टांगलेलं आहे. तिथं सूर्य नाही, झाड नाही, डोंगर नाही. एकच दिशा सगळ्यांना सारखी कळते: वर कुठं आणि खाली कुठं. वजन खाली ओढतं, ते प्रत्येक माशीला पायांत आणि मानेत जाणवतं. मग माशी करते काय, तर "वर" म्हणजे "सूर्याकडं" असं मानते. फुलं सूर्याच्या बाजूला असली तर थरथरीची रेषा सरळ वर जाते. सूर्याच्या उलट बाजूला असली तर सरळ खाली. सूर्याकडं तोंड करून उभं राहिल्यावर फुलं उजव्या हाताला चाळीस अंशांवर असली, तर रेषा उभ्या ओळीपासून उजवीकडं चाळीस अंश कलते. इथं सूर्याची उंची हिशेबात नाही. सूर्य कोणत्या दिशेला आहे एवढंच धरतात. म्हणजे सूर्यापासून सरळ खाली क्षितिजावर एक दोरी सोडली तर ती जिथं टेकेल, ती दिशा.

हे कागदावर छान वाटतं. मी स्वतः मोजायला बसलो तेव्हा पहिली दोन वर्षं फुकट गेली, तेही सांगतो. काचेवरचं झाकण काढून मी बॅटरी मारून कोन मोजत होतो. उत्तरं काहीच्या बाही येत होती. एकच माशी, एकच झाड, आणि दर पाच मिनिटांनी रेषा वेगळीकडं. मला वाटलं आपल्या सातेरीला नियम लागू नाही. खरं कारण माझ्या हातात होतं. नाचणाऱ्या माशीला उजेड दिसला तर ती त्या उजेडाचा सूर्याशी गोंधळ करते आणि रेषा तिकडं ओढली जाते. मी बॅटरी हलवत होतो, माशी बिचारी माझ्या बॅटरीप्रमाणं कोन बदलत होती. मधमाशीला लाल रंग दिसत नाही, म्हणून बॅटरीच्या काचेवर लाल जिलेटीनचा कागद लावला आणि उत्तरं ताळ्यावर आली. दुसरी चूक गवंडीकामातली. मी "वर" म्हणजे चौकटीची उभी कड धरत होतो, आणि ती पेटी ज्या टेबलावर होती ते टेबल कललेलं होतं. माशीला चौकटीशी देणंघेणं नसतं, तिचा ओळंबा तिच्या अंगात असतो. मग मीही गवंड्याकडून ओळंबा आणून काचेसमोर टांगला. तेव्हापासून मोबाईलवर चित्रण करतानाही ओळंब्याची दोरी चित्रात येईल असं बघतो.

आता एक खरी जागा घेऊ. माझ्या परसापासून दक्षिणेला, मलप्रभेच्या काठी करंजाची पाच-सहा झाडं एकत्र आहेत. चैत्र-वैशाखात ती फुलतात आणि खाली फिकट जांभळ्या-पांढऱ्या फुलांचा सडा पडतो. पेटीतून बघितलं तर ती जवळजवळ नेमकी दक्षिणेला. सोयीसाठी नेमकी दक्षिणेला धरूया.

डिसेंबर महिना घ्या. तेव्हा करंज फुलत नाही हे मला माहीत आहे, पण समजा त्याच जागी दुसरं काहीतरी फुललंय. थंडीत सूर्य आपल्याकडं दक्षिणेकडून जातो. सकाळी साडेआठला तो आग्नेयेला, जरा पूर्वेकडं झुकलेला असतो. दक्षिणेचं झाड त्याच्या उजव्या हाताला सुमारे ५७ अंशांवर येतं. म्हणून रेषा उजवीकडं ५७ अंश कललेली. साडेअकराला सूर्य बराच दक्षिणेकडं सरकतो, कोन उरतो सुमारे २१. साडेबाराला सूर्य नेमका दक्षिणेला, रेषा सरळ वर. दीड वाजता डावीकडं २१. घड्याळाच्या काट्यासारखी रेषा हळूहळू फिरत जाते.

इथं एक गंमत आहे. काही माश्या पेटीतून बाहेर न जाता खूप वेळ नाचत राहतात. अंधारात, सूर्य न बघता. तरीही त्यांची रेषा सूर्याच्या चालीप्रमाणं सरकत राहते. मार्टिन लिंडाउअर या फ्रिश यांच्या विद्यार्थ्यानं हे पहिल्यांदा नीट बघितलं. म्हणजे माशीला वेळ कळते आणि या वेळेला सूर्य कुठं असणार हेही कळतं. आणि हे तिला जन्मतः पूर्ण येत नाही, बाहेर फिरून शिकावं लागतं. आपल्याकडं तर शिकणं भागच आहे, कारण उद्या-परवापासून ऑगस्टपर्यंत दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असणार, बाकी वर्षभर दक्षिणेला. धामधुमीच्या दिवसांत कामकरी माशी पाच-सहा आठवडे जगते. मार्चमध्ये दक्षिणेचा सूर्य शिकलेली माशी जूनमध्ये उरलेलीच नसते. जूनच्या माशीला तिचा स्वतःचा सूर्य शिकायचा असतो, तोही पावसाच्या ढगांतून. तिला निळ्या आभाळाचा एखादा तुकडा पुरतो. आभाळातल्या प्रकाशाची कंपनं एका ठराविक दिशेत असतात, ती मधमाशीच्या डोळ्याला ओळखता येतात आणि त्यावरून ढगाआडचा सूर्य कुठं आहे हे तिला काढता येतं. पूर्ण अंधारून आलं तर ओळखीच्या झाडोऱ्यावरून, बांधावरून आठवणीनं ठरवते.

आता आजचा दिवस घ्या. आज सूर्य पूर्वेच्या सुमारे सोळा अंश उत्तरेला उगवला. पण आज तो वर चढताना दक्षिणेकडं फारसा सरकत नाही, जवळजवळ सरळ डोक्याकडं चढतो. सकाळी साडेआठला तो पूर्वेच्या थोडा उत्तरेला होता, करंजाची झाडं त्याच्या उजव्या हाताला सुमारे ९९ अंशांवर. साडेअकराला हाच कोन सुमारे ९२. तीन तासांत फरक किती, तर सात अंश. डिसेंबरात तेवढ्याच वेळात ३६ अंश फिरलेली रेषा आज जवळजवळ जागची हललेली नाही. सकाळभर पेटीसमोर बसलात तर वाटेल की माशीला सूर्याशी काही देणंघेणं नाही, करंज म्हणजे "उजवीकडं आडवी रेषा", संपलं.

आणि मग दुपारी दीड वाजता बघा. रेषा आडवीच आहे, पण डावीकडं. तेच झाड, तीच वाट, तीच माशी. कारण सूर्य आता पश्चिमेला आहे, आणि पश्चिमेकडं तोंड केलं की दक्षिण डाव्या हाताला येते. सकाळचं उजवं दुपारचं डावं झालं, आणि मधे हळूहळू फिरणं जवळजवळ नाहीच. सूर्य डोक्यावरून पलीकडं गेला, बस्स.

मधल्या वेळात काय? सूर्य नेमका डोक्यावर असताना त्यापासून दोरी सोडली तर ती क्षितिजावर कुठंच टेकत नाही, तुमच्या टाळूवर टेकते. त्याला दिशा नाही. लिंडाउअर १९५० च्या दशकात श्रीलंकेत गेले होते, तिथं त्यांनी हे तपासलं. सूर्य डोक्यापासून दोन-तीन अंशांच्या आत आला की नाचाची दिशा विस्कटते. आपल्याकडं आजच्या दिवशी हे किती वेळ चालेल याचा हिशेब करता येतो. सूर्य तासाला सुमारे साडेचौदा अंश सरकतो. डोक्याच्या अलीकडं अडीच अंश आणि पलीकडं अडीच, मिळून पाच अंश, म्हणजे साधारण वीस मिनिटं. वीस मिनिटं पेटीतल्या बातमीला अर्थ नाही. नंतरच्या दिवसांत सूर्याचा मार्ग डोक्यापासून बाजूला सरकत जातो, तशी ही वेळ कमी होते आणि आठवडाभरानं संपते.

मी आज दुपारी पेटीसमोर बसलो तेव्हा सव्वाबारापर्यंत तीन माश्या व्यवस्थित उजवीकडं नाचत होत्या. पुढं दोन माश्यांच्या रेषा प्रत्येक फेरीला वेगळ्या कोनात जाऊ लागल्या. मागं लागलेल्या माश्या थोडा वेळ फिरल्या आणि सोडून गेल्या. एक माशी दाराशी नुसती बसून राहिली. एक वाजायच्या सुमाराला डावीकडची पहिली रेषा दिसली. एका दुपारचं एका पेटीवरचं हे बघणं आहे, यावरून मी सिद्धांत मांडत नाही. पण बाटलीची सावली आणि काचेतली रेषा एकाच वेळी हरवताना बघितलं की तो नियम डोक्यात पक्का बसतो.

दिशा झाली, अंतर राहिलं. अंतर थरथरीच्या वेळात असतं. रेषा जितका वेळ चालते तितकं झाड लांब. परदेशी मेलिफेरा माशीत ढोबळमानानं एक सेकंद थरथर म्हणजे एक किलोमीटरच्या आत-बाहेर. पण माशी अंतर मीटरमध्ये मोजत नाही, आणि दमण्यावरूनही मोजत नाही. उडताना डोळ्यांसमोरून किती गोष्टी सरकल्या यावर मोजते. एसटीत खिडकीशी बसल्यावर जवळची झाडं भरभर मागं जातात आणि लांबचा डोंगर तसाच राहतो, तसं. बंगळूरला शिकलेले मंड्यम श्रीनिवासन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे २००० साली दाखवलं. त्यांनी सहा मीटरचा अरुंद बोगदा केला, आतल्या भिंतींवर बारीक नक्षी लावली आणि माश्यांना त्यातून उडवलं. भिंती अगदी जवळ असल्यानं डोळ्यांसमोरून नक्षी भराभर सरकली. घरी जाऊन त्या माश्या नाचल्या ते दोनशे मीटरच्या आसपासचं अंतर असल्यासारख्या.

याचाच दुसरा भाग असा की हा हिशेब प्रत्येक जातीचा वेगळा. आपल्याकडं आग्या, ज्याला कानडीत हेज्जेन म्हणतात, सातेरी म्हणजे तुडुवे, आणि छोटी फुलोरी, अशा तिन्ही माश्या आहेत. बंगळूरच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रातल्या लोकांनी जर्मन सहकाऱ्यांबरोबर या तिघींना एकाच ठिकाणी ताटलीवर शिकवून मोजलं. तेवढ्याच अंतराला सातेरी जास्त वेळ थरथरते, आग्या कमी वेळ. सातेरी चरायला सहसा किलोमीटरभराच्या आतच जाते, आग्या त्याच्या दुप्पट-अडीचपट लांब जाते. जिचं रान छोटं तिला छोट्या फरकाला मोठी खूण परवडते, जिचं रान मोठं तिनं तशी खूण वापरली तर लांबच्या झाडासाठी तिला नाचतच बसावं लागेल. चिनी संशोधकांनी सातेरी आणि मेलिफेरा यांची मिसळलेली वसाहत केली, तेव्हा सातेरीनं मेलिफेराच्या नाचावरून जागा शोधून दाखवली. खानापुरातल्या माणसाला हे ऐकून नवल वाटू नये. आपल्यातले निम्मे लोक बाजारात जाताना दारापासून बसस्टँडपर्यंत दोनदा भाषा बदलतात.

फुलोरीचं मात्र एक सांगायला हवं, कारण त्यावरून हा नाच मूळचा कसा असावा हे समजतं. फुलोरीचं पोळं फांदीभोवती उघड्यावर असतं आणि ती पोळ्याच्या वरच्या सपाट भागावर, आभाळाखाली नाचते. तिला "वर म्हणजे सूर्य" असं मानायची गरजच नाही. सूर्य समोर दिसतो, रेषा सरळ झाडाच्या दिशेला. आपण रस्ता विचारणाऱ्याला बोट दाखवतो तसं. बहुतेक अभ्यासकांचं मत असं की आधी अशी बोट दाखवणारी रेषा आली असावी आणि पुढं उभ्या पोळ्यावर, नंतर ढोलीच्या अंधारात नाचणाऱ्या माश्यांनी ती वजनाच्या दिशेवर उतरवली. सातेरीचा अंधारातला कोन म्हणजे त्या बोटाचं भाषांतर. आणि आज दुपारची वीस मिनिटं म्हणजे त्या भाषांतरातली ठेच.

मग मुख्य प्रश्न. एवढा खटाटोप का? गांधीलमाशी नाचत नाही, भुंगा नाचत नाही, तीही जगतात. आपल्या गावातली पोयाची माशी, ती डंख न मारणारी बारीक, तीही असा नाच करत नाही. १९६० च्या दशकात एड्रियन वेनर या अमेरिकन शास्त्रज्ञानं तर म्हटलं होतं की नाच असेल, पण माश्या जातात ते वासावरून. या आक्षेपाचा फायदा झाला, कारण त्यानंतर लोकांनी नेटानं प्रयोग केले. शेवटी २००५ साली माशीच्या पाठीवर बारीक तार बसवून रडारनं तिचा मार्ग काढला. नाच बघून निघालेल्या माश्यांना पेटीपासून दूर नेऊन सोडलं, तरी त्या नाचात सांगितलेल्या दिशेला आणि तितक्याच अंतराला उडत गेल्या. तिथं ताटली नव्हती, वास नव्हता. त्या ठिकाणी पोचून त्यांनी शोधाशोध सुरू केली. ही शोधाशोध लक्षात ठेवा. नाच तुम्हाला गल्लीपर्यंत नेतो, घर वासानं आणि डोळ्यानं हुडकावं लागतं. वेनरचं म्हणणं अर्धं बरोबर होतं असं मी म्हणेन.

पण नाचाचा फायदा किती, हे मोजायचं कसं? अॅना डॉर्नहाउस आणि लार्स चिटका यांनी २००४ मध्ये छापलेल्या अभ्यासातली युक्ती मला फार आवडते. त्यांनी पेटी आडवी केली. पोळी जमिनीला समांतर झाली. आता "वर" उरलंच नाही, आणि झाकणामुळं सूर्यही दिसत नाही. माश्या नाचत होत्या, मागं लागणाऱ्या लागत होत्या, पण रेषा वाटेल तिकडं. माझ्या परसातली वीस मिनिटं त्यांनी पेटीत दिवसभर आणली म्हणा ना. मग मधूनमधून दिशा परत द्यायची आणि दोन्ही काळांत पेटीत किती अन्न आलं ते बघायचं.

युरोपातल्या जागांवर फरक पडला नाही! शेतं, कुरणं, सगळीकडं सारखी फुलं. पेटीतून कुठंही उडालं तरी काहीतरी मिळतं. तिथं नाच असला काय, नसला काय. भारतातल्या उष्ण प्रदेशातल्या जंगलात मात्र दिशा काढून घेतल्यावर येणारं अन्न खूप घटलं.

कारण समजायला आपल्याला लांब जायला नको. आपलं रान आठवा. युरोपातलं फूल जमिनीवर पसरलेलं असतं, आपलं झाडावर. मार्चमध्ये एक जांभूळ फुलतो, त्याच्या आजूबाजूची वीस झाडं हिरवी आणि कोरडी. फुललेला जांभूळ म्हणजे मकरंदाची विहीर, हजारो फुलं एका जागी, आणि ती आठ-पंधरा दिवसांत संपतात. मग अर्ध्या किलोमीटरवर दुसरं काहीतरी. ज्या माशीला तो एक जांभूळ सापडला तिनं घरी येऊन सांगितलं तर शंभर माश्या दुसऱ्या तासाला तिथं. न सांगता प्रत्येकीनं स्वतः हुडकायचं म्हटलं, तर बहुतेकींचा दिवस कोरड्या झाडांवर जाईल. म्हणजे नाच फुलं भरपूर आहेत म्हणून नाही, फुलं थोड्या जागी भरपूर आणि बाकी कुठंच नाहीत म्हणून. करंजाच्या पाच-सहा झाडांकडं माझ्या पेटीतल्या माश्या एवढ्या अट्टहासानं बोट दाखवतात, कारण वैशाखात त्यांच्या टप्प्यात दुसरं फारसं काही नसतं. शेजारच्या शेतात सूर्यफूल किंवा मोहरी एकरभर फुललेली असते तेव्हा मी काचेसमोर बसलो तर नाच कमी दिसतात, आणि दिसतात त्यांच्यामागं फारशा माश्या लागत नाहीत. ज्यांना वाट माहीत आहे त्या नाचाकडं न बघताच जातात. ते त्यांच्या शहाणपणाचंच आहे.

नाच अगदी नेमका का नसतो, हाही प्रश्न मला नेहमी विचारतात. एकाच माशीच्या लागोपाठच्या रेषांत दहा-पंधरा अंशांचा फरक सहज असतो, झाड जवळ असलं तर आणखी. मागच्या माशीला दोन-चार फेऱ्यांची सरासरी काढावी लागते. काही जण म्हणतात हे मुद्दाम आहे, फुलांचा पट्टा पसरलेला असतो म्हणून माश्याही पसरवायच्या. मला हे फारसं पटत नाही. थरथरत चालताना छोट्या रेषेत कोन नीट धरणं अवघड आहे, एवढं साधं कारण मला पुरेसं वाटतं. वहीत दोन सेंटिमीटरची रेघ काढून तिचा कोन मोजून बघा, आणि मग वीस सेंटिमीटरची. जवळच्या झाडाची रेषा मुळातच छोटी, म्हणून चूक मोठी. जवळच्या झाडाला चूक परवडते सुद्धा.

वेळ संपत आली, अध्यक्ष घड्याळाकडं बघतायत. उद्या ज्यांना बघायचं असेल त्यांनी बारा वाजता माझ्या परसात यावं. काचेची पेटी सावलीत ठेवलेली असेल, लाल जिलेटीन लावलेली बॅटरी मी देईन. अंगाला अत्तर लावून येऊ नका, आणि पेटीच्या दारासमोर उभं राहू नका, ती त्यांची जायची-यायची वाट आहे. दीडपर्यंत थांबायची तयारी असेल तरच या, कारण डावीकडची पहिली रेषा मधल्या गोंधळानंतरच दिसते.